एकाच गोळीवरचे दोन आढावे: चाळणी कशी तपासायची?

१० मे २०२१. गोव्यात कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. त्या दिवशी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी, लक्षणं असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस घ्याव्यात. आधाराला इंग्लंड, इटली, स्पेन आणि जपानमधल्या तज्ज्ञगटांचं नाव होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र त्याआधीच, ३१ मार्चला, हे औषध कोविडसाठी फक्त चाचण्यांमध्येच वापरावं असं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पणजीहून मावशीचा फोन आला. "अगं, तू त्या मेडिकल लायब्ररीत काम करतेस ना? मग सांग बघू, घ्यायच्या का गोळ्या?"

मी डॉक्टर नाही. एका विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात संशोधकांना साहित्यशोध करून देणं हे माझं काम. मी मावशीला तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं आणि सुटले. पण जून-जुलैमध्ये आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पीडीएफ पाठोपाठ आल्या आणि सुटका संपली. दोन्ही 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' होते, दोन्ही याच औषधावर, आणि दोघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते.

पहिला होता ब्रायंट आणि सहकाऱ्यांचा, 'अमेरिकन जर्नल ऑफ थेराप्युटिक्स'मधला. त्यात २४ यादृच्छिक चाचण्या होत्या, एकूण ३,४०६ माणसं. मृत्यूंबद्दलच्या १५ चाचण्या एकत्र करून त्यांनी काढलेलं जोखीम-गुणोत्तर होतं ०.३८. म्हणजे औषध न घेणाऱ्या गटात शंभर मृत्यू होत असतील तर घेणाऱ्यांत अडतीस. दुसरा होता कॉक्रेनचा, २८ जुलैला आलेला. त्यात १४ चाचण्या, १,६७८ माणसं. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या मृत्यूंबद्दल त्यांच्या हाती उरल्या दोनच चाचण्या, १८५ माणसांच्या. गुणोत्तर ०.६०, पण अनिश्चिततेचा पल्ला ०.१४ पासून २.५१ पर्यंत. साध्या मराठीत: औषध खूप वाचवत असेल, किंवा मारतही असेल, या माहितीवरून सांगता येत नाही.

"दोघांनी तेच पेपर वाचले ना? मग उत्तर वेगळं कसं?" हा माझ्या मावसभावाचा प्रश्न. उत्तर आकडेमोडीत नव्हतं. ते होतं त्याआधीच्या दोन पायऱ्यांत: कोणत्या चाचण्या शोधल्या, आणि सापडलेल्यांपैकी कोणत्या आत घेतल्या. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा मोठेपणा असतो तो या दोन पायऱ्या लिहून ठेवण्यात. त्या नीट लिहिल्या आहेत का, आणि त्याच वाटेनं दुसऱ्याला चालता येईल का, हे तपासायला सांख्यिकी यावी लागत नाही.

शोध: ओळ जशीच्या तशी हवी

बहुतेक आढाव्यांच्या 'पद्धती' विभागात एक वाक्य असतं: आम्ही पबमेड, एम्बेस वगैरेंमध्ये 'आयव्हरमेक्टिन' आणि 'कोविड-१९' या शब्दांनी शोध घेतला. वाचायला बरं वाटतं, पण यावरून कोणालाही तो शोध पुन्हा करता येत नाही. आमटीची कृती म्हणून "डाळ आणि मसाला घातला" एवढंच लिहिल्यासारखं ते आहे.

हवी असते ती टाइप केलेली ओळ, जशीच्या तशी. पबमेडसाठी ती साधारण अशी दिसेल (हा मी केलेला नमुना आहे, वरच्या दोन्ही आढाव्यांतला नाही):

```
#1 ivermectin[mh] OR ivermectin*[tiab] OR stromectol[tiab]
#2 COVID-19[mh] OR covid*[tiab] OR SARS-CoV-2[tiab]
#3 #1 AND #2
#4 #3 AND 2019/12/01:2021/04/25[crdt]
```

यातला प्रत्येक तुकडा काही काम करतो. `[mh]` म्हणजे पबमेडमध्ये लेखाला जोडलेला विषयशब्द. तो लेख दाखल झाल्यावर काही काळानं लागतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबलं तर अगदी ताजे लेख निसटतात. म्हणून जोडीला `[tiab]`, म्हणजे शीर्षकात किंवा सारांशात तो शब्द आला तरी चालेल. शेवटची ओळ तारखेची. `[crdt]` ही नोंद पबमेडमध्ये तयार झाल्याची तारीख, लेख छापल्याची नव्हे. आज कुणी हा शोध पुन्हा केला तरी एप्रिल २०२१ नंतर आलेल्या नोंदी त्यामुळे बाहेर राहतात आणि मूळ संख्येशी तुलना करता येते.

आता यात चूक कुठे होते ते बघू. समजा कुणी घाईत एकाच ओळीत लिहिलं:

```
ivermectin OR stromectol AND covid-19
```

पबमेड ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी दोन औषधनावं एकत्र, मग त्यांतले कोविडचे लेख. लेखकाला हवं होतं तेच. पण मेडलाइनचा तोच साठा ओव्हिड नावाच्या दुसऱ्या खिडकीतून बघितला, तर तिथे AND आधी सोडवलं जातं. मग अर्थ होतो: 'स्ट्रोमेक्टॉल आणि कोविड' हे लेख, अधिक आयव्हरमेक्टिनवरचे जगातले यच्चयावत लेख. हे मुळात जंतांवरचं औषध, जनावरांतही सर्रास वापरलं जाणारं. त्यामुळे मेंढ्या, घोडे, गाईगुरं सगळे जाळ्यात येतात. कंस घातले असते तर हा घोळ झालाच नसता. म्हणून आढाव्यात नुसतं 'मेडलाइन' लिहून भागत नाही, ते कोणत्या खिडकीतून उघडलं तेही लिहावं लागतं.

दुसरी चूक जास्त गुपचूप होते. कुठलीही खूण न लावता नुसते शब्द टाकले, तर पबमेड आपल्या मनानं त्यांना समानार्थी शब्द आणि विषयशब्द जोडतं. हे जोडण्याचे नियम बदलत राहतात. त्यामुळे २०२१ मध्ये टाकलेले तेच दोन शब्द आज वेगळं काही आणतील, आणि लेखकाची चूक की पबमेडचा बदल, हे कळायला मार्ग राहणार नाही.

हे प्रकार विरळ असतील असं वाटत असेल तर एक पाहणी सांगते. मेलिसा रेथलेफसेन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात शंभर आढाव्यांतले ४५३ डेटाबेस-शोध तपासले. मूळ संख्येच्या दहा टक्के मागेपुढे इतपत जुळणारे निघाले फक्त ४७. सहा शोधांत फरक हजार टक्क्यांहून जास्त होता. आणि सगळे शोध पुन्हा करता येतील इतका तपशील देणारा आढावा शंभरांत एकच. हे सगळे लेख समीक्षकांच्या नजरेखालून गेलेले होते. समीक्षक आकडेमोड बघतात, शोधओळ स्वतः टाकून बघणारा क्वचित भेटतो.

डेटाबेसबरोबर आणखी एक गोष्ट बघायची: छापील नियतकालिकांच्या पलीकडे कुठे शोधलं? २०२१ मध्ये कोविडची बरीच माहिती प्रीप्रिंट रूपात होती, म्हणजे समीक्षेआधीच जालावर ठेवलेली. ब्रायंट आणि कॉक्रेन दोघांनीही प्रीप्रिंट घेतले. म्हणजे दोघांचं जाळं मोठं होतं, आणि निष्कर्षांतली मोठी तफावत केवळ जाळ्यामुळे आली असं म्हणता येत नाही. ती आली पुढच्या पायरीवर.

निकष: एका चाचणीचा पाठलाग

समावेशाचे निकष म्हणजे चाळणी. त्यात सहसा चार प्रश्न असतात: रुग्ण कोण, औषध काय, तुलना कशाशी, मोजलं काय. वाचणारे पहिल्या दोन प्रश्नांशी थांबतात. मी तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण बहुतेक भानगडी तिथे असतात.

कॉक्रेनचा तिसरा निकष असा होता: आयव्हरमेक्टिनची तुलना काहीच न देणं, नेहमीचे उपचार, प्लासिबो, किंवा परिणाम सिद्ध झालेलं दुसरं औषध यांच्याशीच असावी. शिवाय सोबतचे उपचार दोन्ही गटांत सारखे असावेत. ब्रायंट यांची चाळणी इथे सैल होती. नियंत्रण गटाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या, किंवा एका गटाला आयव्हरमेक्टिनसोबत डॉक्सिसायक्लिनही दिलेल्या चाचण्या त्यात बसल्या.

हा फरक कागदावर बारीक दिसतो. तो किती मोठा आहे हे कळायला एका चाचणीचा हात धरून चालून बघू.

नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधल्या एका गटानं 'रिसर्च स्क्वेअर'वर सहाशे माणसांच्या चाचणीचा प्रीप्रिंट ठेवला. पहिल्या लेखकाच्या नावावरून ती 'एल्गाझर चाचणी' म्हणून ओळखली गेली. मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटल्याचा दावा तीत होता. पण ज्यांच्याशी तुलना होती त्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेलं होतं.

आता ब्रायंट यांच्या चाळणीत ती टाका. रुग्ण कोविडचे? हो. औषध आयव्हरमेक्टिन? हो. यादृच्छिक? लेखक तसं म्हणतात. आत. माणसं बरीच आणि परिणाम प्रचंड, त्यामुळे एकत्रित आकड्यावर तिचं वजनही चांगलंच पडलं.

मग कॉक्रेनच्या चाळणीत टाका. तुलना कशाशी? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी. ते सिद्ध औषध आहे का? नाही, इंग्लंडच्या मोठ्या रिकव्हरी चाचणीनं जून २०२० मध्येच दाखवलं होतं की त्यानं मृत्यू कमी होत नाहीत. म्हणजे निकषात बसत नाही. बाहेर.

या निकषामागचं तर्कशास्त्र साधं आहे. अ गटाला एक औषध, ब गटाला दुसरं, आणि अ गटात मृत्यू कमी. मग पहिल्यानं वाचवलं की दुसऱ्यानं नुकसान केलं? दुसऱ्याचा परिणाम पक्का माहीत नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. डॉक्सिसायक्लिनचंही तेच. दोन औषधं एकत्र दिली आणि गुण आला, तर श्रेय कोणाचं?

याचा अर्थ कॉक्रेनची चाळणी निर्दोष होती असा नाही. टीका झाली की त्यांनी इतकं काढून टाकलं आणि उरलेलं इतक्या लहान कप्प्यांत विभागलं, की १८५ माणसांवरून काहीच सांगता येऊ नये. ही टीका विचार करण्याजोगी आहे. पण ती करता आली, कारण निकष लिहिलेले होते आणि कोणती चाचणी कोणत्या निकषावर गळली हे वाचकाला जुळवून बघता येत होतं. पारदर्शक आढावा बरोबर असेलच असं नाही. तो कुठे चुकला असू शकतो यावर बोट ठेवता येतं, इतकंच.

नंतर नियम बदलला तर?

एल्गाझर चाचणीची गोष्ट इथे संपत नाही. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं तिची मूळ माहिती बारकाईनं तपासली. काही रुग्णांच्या मृत्यूची तारीख चाचणी सुरू होण्याच्या आधीची होती, आणि काही नोंदी एकमेकींच्या नकला वाटाव्यात इतक्या सारख्या होत्या. १४ जुलै २०२१ ला रिसर्च स्क्वेअरनं तो प्रीप्रिंट काढून घेतला. ब्रायंट आणि सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की ती चाचणी वगळूनही फायदा दिसतो. पण इतर काही चाचण्यांबद्दलही शंका निघाल्या, आणि त्याच सप्टेंबरात 'नेचर मेडिसिन'मधल्या एका पत्रानं म्हटलं की छापलेल्या सरासऱ्या गोळा करून केलेल्या मेटा-अनॅलिसिसवर विसंबणंच मुळात धोक्याचं आहे, प्रत्येक रुग्णाची मूळ नोंद बघायला हवी.

शोधओळ कितीही नेटकी असली आणि निकष कितीही स्पष्ट असले, तरी आत आलेली चाचणी खरी आहे का हे त्यांवरून कळत नाही. पुन्हा करता येणारा शोध तीच सदोष चाचणी पुन्हा पुन्हा प्रामाणिकपणे शोधून देईल.

कॉक्रेनच्या गटानं यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जून २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी चाचण्यांचा सच्चेपणा तपासण्याचा निकष जोडला. त्याचा फटका त्यांच्याच जुन्या यादीला बसला: १४ पैकी ७ चाचण्या बाहेर. कारणंही दिली. सहा चाचण्यांची नोंदणी त्या सुरू होण्याआधी झालेली नव्हती, आणि एक यादृच्छिक नव्हतीच. नव्या मिळवून ११ चाचण्या आणि ३,४०९ माणसं झाली. निष्कर्ष: रुग्णालयाबाहेरच्या रुग्णांना या औषधानं फायदा होत असल्याचं दिसत नाही.

इथे चिकित्सक वाचकानं थबकायला हवं. सामना सुरू झाल्यावर नियम बदलले, नाही का? चाचण्यांचे निकाल माहीत असताना नवा निकष लावला, तर नको त्या चाचण्या उडवता येतात. शंका रास्त आहे, आणि ती तपासायची एक पद्धत आहे. नवा निकष चाचणीचा निकाल न बघता लावता येतो का, हे विचारायचं. 'पूर्वनोंदणी' हा निकष तसा लावता येतो. चाचणी-नोंदवहीत नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख या दोन्ही असतात, दुसरी आधीची असेल तर चाचणी बाद. औषध चाललं की नाही याचा त्यात संबंध येत नाही, आणि तुम्ही-आम्हीही ते पाच मिनिटांत बघू शकतो. 'दर्जा कमी वाटल्यानं वगळली' असं कारण असतं तर ते कोणालाच तपासता आलं नसतं.

त्याच आवृत्तीत आणखी एक अपवाद आहे. शोध १६ डिसेंबर २०२१ पर्यंतचा, पण हजाराहून जास्त माणसांच्या चाचण्या मात्र एप्रिल २०२२ पर्यंतच्या घेतल्या. तारखेनंतर दार किलकिलं ठेवणं मला फारसं आवडत नाही. पण त्यांनी ते लपवलं नाही, आणि आकाराची अट दोन्ही बाजूंच्या निकालांना सारखीच लागते. त्यामुळे तो अपवाद गाळून काय उरतं हे ज्याला बघायचं त्याला बघता येतं.

पीडीएफ हातात आल्यावर

मावसभावाला मी शेवटी जे करायला सांगितलं ते इथेही सांगते. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी पुरवणी उघडायची आणि शोधओळ शोधायची. ती असेल तर उचलून पबमेडमध्ये टाकायची, तारखेसकट. आलेली संख्या लेखातल्या संख्येच्या आसपास असेल तर छान. अगदी तंतोतंत येणार नाही, कारण जुन्या नोंदीही मागाहून सुधारल्या जातात. पण लेखात ४०० आणि तुमच्याकडे ४,००० आले, तर कुठेतरी ओळ गाळली आहे किंवा बदलली आहे.

मग चाळणीची आकृती, जिला प्रिझ्मा फ्लो डायग्राम म्हणतात. तिची बेरीज-वजाबाकी करायची. समजा १,२४० नोंदी मिळाल्या, ३१० दुबार निघाल्या, ९३० वाचल्या, ८४६ सारांशावरून वगळल्या. उरले ८४ पूर्ण लेख. त्यांतले ६० वगळून २४ आत घेतले. इथवर हिशेब जुळतो. आता त्या ६० ची कारणं: २२ यादृच्छिक नाहीत, १४ मध्ये निदान पक्कं नाही, ९ मध्ये तुलना वेगळी, १२ मध्ये माहिती अपुरी. बेरीज ५७. उरलेले तीन कुठे गेले? हे तीन बहुतेक वेळा निव्वळ हलगर्जीपणाचे असतात. पण लेखात दोन-तीन चाचण्यांवर निष्कर्ष हलत असेल तर हेच तीन महत्त्वाचे ठरतात. म्हणून सारांशावरून गाळलेल्यांची नसली तरी, पूर्ण वाचून वगळलेल्या लेखांची नावानिशी यादी हवी.

शेवटी तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेली एक चाचणी घ्यायची आणि लिहिलेल्या निकषांतून स्वतः चालवायची, जशी आपण एल्गाझर चालवली. तुमचं उत्तर आणि लेखकांचं उत्तर जुळतं का? जुळत नसेल तर एकतर तुम्ही निकष चुकीचा वाचलात, किंवा लेखकांनी न लिहिलेला एखादा निकष मनात ठेवून वापरला. दुसरी शक्यता पक्की करायला दोन-तीन चाचण्या लागतात, त्याहून जास्त नाही.

जमल्यास पूर्वी नोंदवलेला आराखडाही बघावा. तो प्रॉस्पेरो या खुल्या नोंदवहीत बहुधा सापडतो. त्यात एक निकष आणि छापलेल्या लेखात दुसरा, आणि मध्ये स्पष्टीकरण नाही, तर सावध व्हायचं.

मावशीनं गोळ्या घेतल्या की नाही, हे तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. परवा तिनं हळदीच्या कॅप्सूलवरचा एक आढावा पाठवला. या वेळी सोबत निरोप होता: "वगळलेल्यांची यादी दिलेली नाही गं यात. तरी तू बघ."